वॉलपेपरवरचा तेलकट डाग: चकाकी न आणता, सांधा न उकलता कसा काढावा

भिंतीवरच्या वॉलपेपरचा तेलकट डाग पुसून झाला, डाग बऱ्यापैकी गेलाही, पण संध्याकाळी दिवा लावल्यावर त्याच जागी तळहाताएवढा चकचकीत पट्टा दिसू लागला, किंवा दुसऱ्या दिवशी जवळच्या सांध्याची कड वर आलेली आढळली, असे पुष्कळदा घडते. डागापेक्षा हे नुकसान अधिक डोळ्यांत भरते आणि डागाला निदान उपाय असतो, तसा या नुकसानाला बहुतेक वेळा नसतो. म्हणून या लेखात डाग घालवण्याइतकेच लक्ष त्या दोन गोष्टी टाळण्याकडे दिले आहे. विचार केला आहे तो सोफ्याच्या किंवा पलंगाच्या मागे डोके टेकून पडणाऱ्या, दिव्याच्या बटणांभोवती बोटांनी पडणाऱ्या लहान डागांचा. संपूर्ण भिंत धुण्याची रीत वेगळी आहे आणि ती येथे लागू पडत नाही.

तेल कागदात काय करते

साधा, लेप नसलेला कागद फिकट व अपारदर्शक दिसतो, कारण त्याच्या तंतूंमध्ये हवेच्या असंख्य बारीक पोकळ्या असतात आणि त्यांवर पडणारा प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो. तेल त्या पोकळ्या भरून काढते, प्रकाश विखुरण्याऐवजी आत शिरतो आणि तेवढा भाग गडद, काहीसा पारदर्शक दिसू लागतो. म्हणजे अशा कागदावरचा तेलकट डाग बहुतांशी पृष्ठभागावर नसून कागदाच्या आत असतो आणि वरून कितीही पुसले तरी तो हाताला लागत नाही. याउलट विनाइलच्या किंवा विनाइलचा लेप दिलेल्या कागदावर तेल वरच पातळ थर धरून बसते. तेथे ते पुसून निघते, मात्र पुसण्याची पद्धत चुकली तर तेच तेल आजूबाजूला पसरते. या एका फरकावर पुढचे सगळे काम अवलंबून आहे.

चकाकीचे मुख्य कारण आपला हात असतो. मॅट वॉलपेपर निस्तेज दिसतो तो त्याच्या पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म खडबडीतपणामुळे. बोटाने किंवा फडक्याने एकाच जागी दाब देऊन घासले की हे बारीक उंचवटे चेपले जातात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि प्रकाश आरशासारखा एकाच दिशेला परतू लागतो. अशी चकाकी म्हणजे पृष्ठभागाचा बदललेला आकार असल्यामुळे ती धुऊन जात नाही. दुसरी चकाकी साबणाची असते: नीट न काढलेला साबण वाळून त्याचा पातळ पापुद्रा धरतो. ही मात्र साध्या पाण्याने जाते. तिसरी उष्णतेची. विनाइल गरम झाले की मऊ होते आणि वरून दाब पडल्यास त्यावरचा उठाव सपाट होऊन चकाकतो.

सांधा उकलण्याचे कारण पाणी. वॉलपेपर चिकटवायची नेहमीची खळ पाण्यात विरघळणारी असते आणि वाळून कितीही वर्षे झाली तरी बहुधा पुन्हा ओली झाल्यावर ढिली पडते. भिंतीच्या मध्यभागी लेप असलेला कागद पाणी आत जाऊ देत नाही, पण सांध्याशी कापलेली कड उघडी असते आणि तिच्या पाठचा कागद पाणी शोषून घेतो. ओला कागद रुंदीत फुगतो, वाळताना आकसतो, आणि खळ ढिली असतानाच तो आकसला तर कड वर वळते किंवा दोन पट्ट्यांमध्ये बारीक फट पडते. विनाइलचा कागद ‘धुता येण्याजोगा’ असला तरी त्याचा सांधा धुता येण्याजोगा नसतो, हे नवख्या माणसाला कुणी सांगत नाही आणि बहुतेक सांधे त्यामुळेच खराब होतात.

काम सुरू करण्यापूर्वी: कागद ओळखणे

वॉलपेपरच्या गुंडाळीवरचे लेबल जपून ठेवले असेल तर त्यावरच्या चिन्हांत पाण्याच्या लाटा दिसतात. एक लाट असेल तर कागद लावताना वर आलेली ताजी खळ ओल्या स्पंजने टिपता येते, एवढाच तिचा अर्थ आहे. ती नंतरच्या सफाईची परवानगी नव्हे. दोन लाटा म्हणजे धुता येण्याजोगा, तीन लाटा म्हणजे अधिक चांगला धुता येण्याजोगा, आणि लाटेबरोबर ब्रशचे चित्र असेल तर ब्रशने घासण्याइतका टिकाऊ. मात्र ब्रशचे चिन्ह असलेल्या मॅट कागदावरही मी डागापुरते घासायचा सल्ला देणार नाही. त्या चिन्हाचा अर्थ कागद फाटणार नाही, रंग जाणार नाही असा आहे. एका ठिकाणी घासल्यावर चमक आसपासच्या कागदाइतकीच राहील, याची हमी त्यात नसते.

लेबल नसेल तर कपाटामागे किंवा पडद्याआड, सांध्यापासून दूर अशा जागी बोटाच्या टोकावर पाण्याचा लहान थेंब घेऊन कागदाला टेकवावा आणि अर्धा मिनिट पाहावे. थेंब तसाच गोल राहिला आणि टिपून घेतल्यावर खूण उरली नाही, तर कागदावर लेप आहे. जागा लगेच गडद झाली तर कागद शोषणारा आहे आणि त्याच्या बाबतीत पाणी पूर्णपणे वर्ज्य समजावे. त्यानंतर त्याच जागी पांढऱ्या कापसाचा किंचित ओलसर बोळा हलकेच टेकवून रंग उतरतो का, हेही पाहून घ्यावे. रेशमी, गवताच्या किंवा तागाच्या विणीचा, मखमली लव असलेला आणि धातूचा मुलामा दिलेला कागद असेल तर फक्त टिपण्याची आणि भुकटीची कोरडी रीत वापरावी व तेवढ्याने भागले नाही तर थांबावे.

आणखी एक तपासणी कामापूर्वीच करावी, कारण नंतर तिचा उपयोग नाही. खोलीतील मोठा दिवा बंद करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून धरावी, म्हणजे तिचा प्रकाश भिंतीवरून सरपटत जाईल. या तिरक्या प्रकाशात डागाच्या जागी चकाकी आधीच आहे का, हे स्पष्ट दिसते. डोके टेकून टेकून पडलेल्या जुन्या डागात तेलाबरोबर घासल्याची चकाकीही बहुधा असतेच, आणि सांध्यांच्या कडेने कागद लावताना सांडलेली खळ वाळून उभे चकचकीत ओघळ दिसतात. अशी जागा आधी ओळखून तिचा फोटो काढून ठेवला, तर आपण केलेल्या कामाचा परिणाम पुढे नेमका मोजता येतो. त्याच प्रकाशात सांध्यावरून नजर फिरवावी. कड वर असेल तर तिची बारीक सावली पडते. सांधा आधीच सुटलेला असेल तर प्रथम तो चिकटवावा, पूर्ण वाळू द्यावा आणि मगच डागाकडे वळावे.

साहित्य

फार काही लागत नाही: पांढरा, छपाई नसलेला टिपकागद किंवा स्वयंपाकघरातला शोषक कागदी रुमाल, कॉर्नफ्लोअर, पावडर लावायचा मऊ गोल पफ, दोन बोटे रुंदीचा मऊ केसांचा कोरडा ब्रश, तीन-चार पांढरी सुती फडकी, भांडी घासायचा रंगहीन द्रव साबण आणि टॉर्च. फडकी पांढरीच घ्यावीत, म्हणजे डागाचे तेल किंवा कागदाचा रंग त्यांवर उतरताना दिसतो. जादूचा म्हणून विकला जाणारा पांढरा मेलामाइन स्पंज या कामात नको. तो अतिशय बारीक पॉलिश कागदासारखे काम करतो आणि मॅट पृष्ठभागावर नेमका तोच चकचकीत ठिपका निर्माण करतो, जो आपल्याला टाळायचा आहे. काजळी काढण्यासाठी वापरतात तो रबराचा कोरडा स्पंजही तेलावर चालत नाही, तो तेल पसरवून आत दाबतो.

कोरडी रीत: सर्व प्रकारच्या कागदांसाठी पहिली पायरी

डाग ताजा असो वा जुना, सुरुवात टिपण्यापासून करावी. टिपकागदाची चार पदरी घडी डागावर ठेवून तिच्यावर बोटांची पेरे सपाट टेकवावीत, पाच-सहा सेकंद सरळ दाब द्यावा आणि घडी सरळच उचलावी. उचलताना हात बाजूला सरकता कामा नये. प्रत्येक वेळी घडीची कोरडी बाजू पुढे आणावी. टिपकागदावर उमटलेला तेलाचा ठसा दर वेळी फिकट होत जातो आणि जेव्हा तो उमटायचा थांबतो, तेव्हा नुसत्या टिपण्याने निघणारे तेल संपले असे समजावे. ताज्या डागाचे बरेचसे तेल या एका कृतीत निघून जाते.

शोषणाऱ्या कागदावर उरलेल्या तेलासाठी कॉर्नफ्लोअर उपयोगी पडते. उभ्या भिंतीवर भुकटी नुसती टाकली तर खाली पडते, म्हणून ती पफवर घेऊन डागावर हलके थापटावी, जेथे तेल आहे तेथे ती आपोआप चिकटून राहते. गोल फिरवून चोळू नये. डाग पूर्ण झाकेल इतका थर बसला की तो निदान तीन तास, शक्य असल्यास रात्रभर ठेवावा. नंतर ब्रशने फक्त वरून खाली, केसांची टोके जेमतेम टेकवीत भुकटी झाडावी. डागावरची भुकटी पिवळसर आणि गुठळी धरलेली दिसली तर तेल वर येत आहे, आणि हीच कृती पुन्हा करण्यात अर्थ आहे. भुकटी पडली तशीच कोरडी आणि पांढरी झडली, तर तिचे काम संपले. गडद रंगाच्या कागदावर आधी लपलेल्या जागी पाहून घ्यावे, कारण खडबडीत पोतात अडकलेली पांढरी भुकटी काढणे कठीण जाते. मुलतानी माती तेल चांगले शोषते, पण तिचा स्वतःचा रंग फिकट कागदावर बसण्याची भीती असल्याने मी ती सुचवीत नाही.

साध्या, लेप नसलेल्या कागदावर भुकटीनेही न निघालेला डाग उष्णतेने पातळ करून टिपता येतो. इस्त्रीतील पाणी काढून टाकावे, वाफ बंद ठेवावी आणि एक ठिपक्याची, म्हणजे सर्वांत कमी उष्णता लावावी. डागावर टिपकागदाचे तीन-चार पदर धरून त्यांवरून इस्त्री पाच सेकंद टेकवावी व उचलावी. फिरवू नये, इस्त्रीचे वजनही भिंतीवर टाकू नये. दर वेळी नवा कागद घ्यावा. टिपकागदावर तेलाची खूण येणे थांबले की आपणही थांबावे. येथे एक मर्यादा अगदी काटेकोर पाळावी लागते. एक ठिपक्याच्या खुणेवरही इस्त्रीचा तळ 110 अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो आणि विनाइल त्याच्या बरेच आधी मऊ पडते. म्हणून विनाइल, विनाइलचा लेप असलेला, उठावाच्या नक्षीचा किंवा धातूच्या मुलाम्याचा कागद असेल तर इस्त्रीला हात लावू नये. सांध्यापासूनही ती चार बोटे दूर ठेवावी, कारण उष्णतेने कड वाळून आकसते. कागद कोणता याची खात्री नसल्यास केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा दोन वितींवरून थोडा वेळ द्यावी आणि लगेच टिपावे. यात वेळ जास्त जातो, पण धोका पुष्कळ कमी असतो.

ओली रीत: फक्त लेप असलेल्या कागदासाठी

विनाइलवर टिपून उरलेल्या तेलाला साबण लागतो, पण पाणी फार थोडे चालते. यावर सर्वांत चांगली तोड म्हणजे साबणाच्या पाण्याऐवजी त्याचा फेस वापरणे. अर्धा लिटर कोमट पाण्यात द्रव साबणाचे चार-पाच थेंब घालून हाताने चांगले घुसळावे आणि वर आलेला फेसच तेवढा फडक्याच्या कोपऱ्यावर उचलावा. फेसात साबण असतो, पाणी नाममात्र असते. त्यामुळे ओघळ होत नाहीत आणि सांध्याकडे वाहून जायला काही उरत नाही.

फडके डागावर टेकवून, टिपकागदाप्रमाणेच दाबावे आणि उचलावे. फेस डागावर अर्धा मिनिट राहू द्यावा, म्हणजे तेल सुटण्याचे काम साबण करतो, हाताला करावे लागत नाही. मग फडक्याची कोरडी बाजू वापरून डागाच्या बाहेरच्या कडेपासून मध्याकडे लहान, हलके हात फिरवावेत. उलट केले तर तेल बाहेर पसरते. फडक्यावर तेल दिसताच घडी बदलावी. तीन-चार फेऱ्यांत डाग निघत नसेल तर दाब वाढवू नये. पुन्हा फेस लावून थांबावे. जोर लावायचा मोह येतो तोच क्षण चकाकी निर्माण होण्याचा असतो.

डाग गेल्यावर साबण काढणे हे निम्मे काम अजून उरलेले असते. दुसरे फडके साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळावे आणि टिपकागदावर दाबून पाहावे. नुसता ओलसर ठसा उमटला तर फडके योग्य आहे, थेंब किंवा पाण्याचा डाग पसरला तर पुन्हा पिळावे. या फडक्याने जागा दोनदा, दर वेळी स्वच्छ बाजूने, पुसावी आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपावी. दुसऱ्यांदा पुसताना डागाच्या मर्यादेबाहेर दोन-तीन बोटे जावे आणि बाहेर जाता जाता हात हलका करीत न्यावा. आजूबाजूच्या कागदावर धूळ बसलेली असते. अगदी डागापुरतेच पुसले तर स्वच्छ गोल उठून दिसतो, कडा विरवल्या तर तो दिसत नाही.

पांढरा स्पिरिट, टर्पेंटाइन किंवा तत्सम द्रावक तेल झटकन काढतात, पण ते छपाईची शाई उतरवू शकतात, विनाइलमधील मऊपणा देणारे द्रव्य ओढून घेऊन ती जागा कडक व चकचकीत करू शकतात आणि पेट घेतात. हे काम प्रथमच करणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सांध्यावरचा डाग: एक उदाहरण

सर्वांत अवघड प्रकार म्हणजे डाग नेमका सांध्यावर असणे, म्हणून तो सविस्तर पाहू. समजा, फिकट राखाडी, मॅट, विनाइलचा लेप असलेल्या कागदावर सोफ्याच्या पाठीच्या वर डोके टेकून सुमारे 18 सेंटिमीटर रुंद आणि 12 सेंटिमीटर उंच डाग पडला आहे, आणि त्याच्या उजव्या तिसऱ्या भागातून उभा सांधा गेला आहे. तिरक्या प्रकाशात डागाच्या मध्यभागी आधीपासूनच फिकी चकाकी दिसते आणि सांधा सपाट आहे. थेंब गोल राहिला, म्हणजे कागदावर लेप आहे. येथे इस्त्री बाद झाली, आणि मधली चकाकी डाग काढल्यावरही काही प्रमाणात राहणार, हेही आधीच मान्य केलेले बरे.

प्रथम संपूर्ण डाग कोरडा टिपून घ्यावा. सांध्यावर टिपताना घडी सांध्याच्या दोन्ही बाजूंना सारखी येईल अशी ठेवावी आणि उचलताना एका कडेपासून सोलल्यासारखी न ओढता सरळ मागे घ्यावी. तेलाने चिकट झालेला टिपकागद कडेला आपल्याबरोबर ओढू शकतो. ठसे थांबल्यावर सांध्यालगतच्या पट्ट्यावर पफने कॉर्नफ्लोअर थापटून ते रात्रभर ठेवावे. विनाइलच्या पृष्ठभागावर भुकटीचा उपयोग बेताचा असतो, पण सांध्याच्या उघड्या कडेत शिरलेले तेल पाण्याविना काढण्याचा तोच मार्ग आहे, त्यामुळे ही पायरी गाळू नये.

दुसऱ्या दिवशी भुकटी सांध्याच्या रेषेनेच, वरून खाली झाडावी. मग डाव्या बाजूचा मोठा पट्टा घ्यावा. कोरड्या फडक्याची घट्ट घडी करून डाव्या हाताने ती सांध्यावर उभी धरावी, म्हणजे सांध्याच्या अलीकडची एक बोट रुंद पट्टी झाकली जाईल. ही घडी चुकून आलेली ओल पिऊन घेते आणि आपला हात कुठपर्यंत न्यायचा याची हद्दही आखून देते. फेस लावणे, थांबणे, पुसणे, दोनदा साबण काढणे, टिपणे हे सर्व या हद्दीच्या डावीकडे उरकावे. उजव्या पट्ट्याला त्या दिवशी हात लावू नये. दोन्ही बाजू एकदम ओल्या झाल्या तर दोन्ही कडा एकाच वेळी ढिल्या पडतात. एक बाजू पक्की असेल तर निदान तिच्या बाजूची रेषा हलत नाही. डावीकडचा भाग पूर्ण वाळल्यावर, सुमारे एका दिवसाने, तीच रीत उजवीकडे करावी.

शेवटी उरते ती सांध्यालगतची बोटभर रुंदीची पट्टी. तिथे कापसाची काडी वापरावी. काडीचे टोक फेसात बुडवून टिपकागदावर एकदा टेकवावे, म्हणजे जादा ओल जाईल, आणि सांध्याला समांतर, वरून खाली, एकाच दिशेने फिरवावे. सांधा ओलांडून आडवा हात कधीही नेऊ नये, कारण आडव्या हालचालीने काडीचे टोक कडेत अडकून ती उचलते. दोन-तीन सेंटिमीटर झाले की साध्या पाण्याच्या तशाच काडीने साबण काढावा, कोरडी काडी फिरवावी आणि मग पुढच्या दोन-तीन सेंटिमीटरकडे वळावे. 12 सेंटिमीटरच्या या पट्टीला जितका वेळ लागेल तितका द्यावा. अशा रीतीने काम केले तर डाग निघतो, सांधा सपाट राहतो आणि मध्यभागची जुनी फिकी चकाकी तेवढी उरते. ती समोरून दिसत नाही, खिडकीच्या बाजूने पाहिल्यासच जाणवते.

काही बिघडले तर

काम करताना कड वर आलेली दिसली तर तत्काळ बोटाने दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये. ओला कागद मऊ असतो, दाबल्यास ताणला जातो आणि वाळल्यावर सुरकुती धरतो. आधी टिपकागदाने ओल काढावी, हवा खेळती ठेवावी आणि एक दिवस थांबावे. पुष्कळदा खळ वाळताना कड आपोआप खाली बसते. नाही बसली तर सांध्यांसाठी मिळणारा वॉलपेपरचा चिकटा बारीक ब्रशने कडेच्या आत पातळ लावावा आणि किंचित ओलसर स्पंजने सरळ दाबून कड बसवावी. सांधा दाबायचा लाकडी किंवा प्लास्टिकचा रूळ मॅट कागदावर फिरवला की चकचकीत रेघ उमटते, म्हणून तो येथे नको. बाहेर आलेला चिकटा लगेच ओलसर स्पंजच्या कोपऱ्याने टिपावा, कारण वाळलेला चिकटाही चकाकतो.

वाळल्यावर चकाकी दिसली तर ती कशाची आहे, हे तिच्या आकारावरून कळते. जिथवर ओल गेली तिथवर पसरलेली, कडेला पुसट रेषा असलेली आणि बोटाला किंचित चिकट लागणारी चकाकी साबणाची असते. साध्या पाण्याच्या घट्ट पिळलेल्या फडक्याने आणखी दोनदा टिपून घेतल्यास ती जाते. फडक्याच्या हालचालीप्रमाणे पट्टे धरलेली, बोटाला आसपासपेक्षा गुळगुळीत लागणारी चकाकी घासल्याची असते. तिच्यावर मॅट वार्निश लावण्याचा सल्ला काही जण देतात, पण त्या वार्निशचा पोत आणि रंग कागदाशी सहसा जुळत नाही आणि एका ठिपक्याचे दोन होतात. अशा जागेला पुन्हा हात न लावणेच योग्य.

कुठे थांबावे

फार जुन्या डागातले तेल हवेशी संयोग पावून पिवळे आणि घट्ट झालेले असते. ते टिपकागदावर उतरत नाही, भुकटीत येत नाही आणि साबणालाही दाद देत नाही. शोषणाऱ्या कागदावर दोनदा भुकटी आणि एकदा उष्णता देऊनही टिपकागद कोराच राहिला, तर पुढच्या प्रत्येक प्रयत्नात फक्त कागद झिजतो. अशा वेळी मूळ गुंडाळीचा उरलेला तुकडा असेल तर ठिगळ लावावे. साध्या कागदाचा तुकडा कात्रीने न कापता, कडा मागच्या बाजूला विरळ होतील असा हाताने फाडावा. त्याची पांढरी कड पुढून दिसत नाही आणि नक्षी जुळवून डागावरच चिकटवला की तो जवळून पाहिल्याशिवाय ओळखू येत नाही. मात्र डागातले तेल ठिगळातून वर येऊ नये म्हणून चिकटवण्यापूर्वी त्या जागेवर तेल अडवणारा प्रायमर पातळ लावून तो वाळू द्यावा. विनाइल फाडून कड विरळ होत नाही. त्यासाठी नवा तुकडा नक्षी जुळवून डागावर तात्पुरता धरावा, धारदार पात्याने दोन्ही थर एकदम कापावेत, खालचा जुना तुकडा काढून टाकावा आणि नवा त्याच जागी बसवावा. जुन्या भिंतीवर उन्हाने रंग उतरलेला असल्यास नवा तुकडा काही महिने थोडा गडद दिसेल. म्हणून उरलेला तुकडा वापरण्यापूर्वी तो काही आठवडे त्याच भिंतीजवळ उजेडात ठेवलेला बरा.